फोटोखालचे शंभर शब्द

९ मे १९९७, शुक्रवार. सांगली

आज पुष्कर दांडेकर प्रयोगशाळेत आला. हा आमचा नवा कार्मिक अधिकारी, साताऱ्याचा, वय सव्वीस, डोक्यात रोज एक नवी कल्पना. दूध संघाचं 'साय' हे घरचं मासिक आता तो काढतो. पाच जूनला वर्धापनदिन, त्या अंकात दहा वर्षं पूर्ण झालेल्या आम्हा अकरा जणांचे फोटो येणार.

"आणि प्रत्येक फोटोखाली फोटोओळ," तो म्हणाला. "पण मॅडम, फोटोओळ म्हणजे पत्र. तुम्ही दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःला लिहायचं. नोकरीच्या पहिल्या दिवशीच्या तुम्हाला. शंभर शब्द, एकही जास्त नको."

मी विचारलं, हे कशाला, सरळ माहिती द्या की. त्यानं मागच्या वर्षीचा अंक उघडून दाखवला. नऊ फोटो, नऊ ओळी, आणि 'संघाचा मी सदैव ऋणी राहीन' हे वाक्य सात वेळा. मलाही हसू आलं. म्हटलं, शंभर शब्द ना, उद्या देते. गुणनियंत्रण प्रमुखाला शंभर शब्दांचं काय अवघड आहे?

११ मे, रविवार

अवघड आहे. सकाळी बसले ती जेवणाची वेळ झाली. शेवटी हे लिहिलं:

'प्रिय शकुंतला, आयुष्यात शिस्तीला पर्याय नाही. कष्ट कर, वरिष्ठांचा मान राख. तपासनीस, साहाय्यक, अधिकारी आणि प्रमुख असा तुझा प्रवास होणार आहे. संचालक मंडळाचे मार्गदर्शन तुला सदैव लाभेल.'

यांना वाचून दाखवलं. हे शाळेत मराठी शिकवतात, म्हणजे मत मागायची गरजच नसते. म्हणाले, "छान. स्वागताध्यक्षांचं भाषण वाटतं." अपूर्वानं विचारलं, "आई, तू त्या मुलीला ओळखतेस का?" आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? म्हटलं, अभ्यास कर.

१३ मे, मंगळवार

पुष्करनं कागद परत केला. वर शिसपेन्सिलीनं एकच ओळ: 'हे पत्र शकूला नाही, संचालक मंडळाला लिहिलंय.' कार्टं धीट आहे. मी चिडले, पण पाचेक मिनिटंच.

मग तो समोर बसला आणि त्यानं मला धडा दिला. पत्र लिहिताना ती मुलगी डोळ्यांसमोर उभी हवी. कुठला वार, काय नेसली होती, काय ठाऊक नव्हतं. सगळं 'तू' करून लिहायचं. 'मी' आली की आत्मचरित्र सुरू झालं समजा. पदांची यादी नको, कारण सहीखाली आजचं पद येतंच. उपदेश नको, कारण तिला तो तेव्हाही नको होता. एकच प्रसंग घ्यायचा, तोही असा की तो फक्त तुम्हीच सांगू शकता. "आणि फोटोत जे दिसतं ते ओळीत लिहायचं नाही मॅडम. फोटोत जे दिसत नाही ते लिहायचं. नाहीतर ओळ कशाला?"

"पण फोटो कुठला?" मी विचारलं.

"जुना. तुमच्या फायलीतून काढायला सांगितलाय."

१६ मे, शुक्रवार

फोटो मिळाला आणि प्रयोगशाळेत कामं थांबली. १ जून १९८७, संघाच्या पायऱ्यांवर आम्ही अकरा जण; त्यातूनच एकेकाचा फोटो कापून घेणार. डावीकडून तिसरी मी, तेवीस वर्षांची. पुढे घेतलेली लांब वेणी आणि वेणीत हातभर मोगऱ्याचा गजरा.

"मॅडम, गजरा!" असं सगळे तीन वेळा तरी म्हणाले. त्यांचं खरं आहे. माझ्या प्रयोगशाळेत गजरा चालत नाही, अत्तर चालत नाही, पान खाऊन आलेल्याला मी दारातून परत पाठवते. दुधाची पहिली परीक्षा नाकानं होते. भांड्याचं झाकण उचललं की कोंडलेली हवा बाहेर येते, त्या पहिल्या श्वासात जो वास येईल तो खरा. आंबूस, जळकट, गोठ्याचा, औषधाचा. दुसऱ्या श्वासापर्यंत तो उडून जातो. म्हणून तपासणाऱ्याच्या अंगाला स्वतःचा वास असू नये. नव्या भरतीला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. त्यांनी माझं नाव 'बिनवासाच्या मॅडम' ठेवलंय, मला ठाऊक आहे.

आता मात्र विषय मिळाला. गजरा!

१७ मे, शनिवार

एका बैठकीत झालं. 'प्रिय शकू, मोगरा तुला शोभतो, पण उद्यापासून तो घरी ठेव. या कामात तुझं नाक हेच तुझं यंत्र आहे...' असं पुढे. शेवटी शिस्तीबद्दल दोन ओळी, संचालक मंडळाबद्दल एक. भरले अठ्ठ्याण्णव शब्द. पुष्कर म्हणाला, "फक्कड. आता ही जिवंत मुलगी आहे." संचालक मंडळाची ओळ काढा म्हणाला, मी ठेवली.

मग त्यानं सहज विचारलं, "पण गजरा सोडला कधी? काही झालं होतं का?"

"नाही. नियम म्हणून," मी म्हटलं. त्यात विशेष काही नाही.

२० मे, मंगळवार

ओळीची नक्कल फिरते आहे. लेखा विभागातल्या बाईंनी ती वहीत उतरवून घेतली. कार्यकारी संचालक जिन्यात भेटले, म्हणाले, आष्टेकरबाई, नाकाचं ते वाक्य भाषणात वापरतो. मन आज खूष आहे. संध्याकाळी आमराई बागेत फिरून आलो, अपूर्वाला भेळ, यांना भेळ, मलाही भेळ.

२३ मे, शुक्रवार

विटा रस्त्याच्या गावांत तपासणीच्या फेरीवर होते. गाडी चालवायला आकाराम. ही माझ्या पहिल्या दिवसापासूनची सोबत, पण तो दिवसाला दहा शब्द बोलतो. आज परतताना तो आपणहून म्हणाला, "मॅडम, तुमचं ते पत्र वाचलं. झ्याक हाय."

मी म्हटलं, आवडलं ना?

"आवडलं की. पर त्या बाईचं काय लिवलं न्हाई."

मी विचारलं, कुठल्या बाईचं?  मला कुठली ते ठाऊक होतं. 

२४ मे, शनिवार

दहा वर्षांत हे कुठेच लिहिलेलं नाही. या वहीतही नाही. आज लिहिते.

८ जून १९८७, सोमवार, माझा आठवा दिवस. कडेगावच्या पुढच्या गावात सकाळच्या दूध संकलनाला आम्ही अचानक तपासणीला गेलो. माझे वरिष्ठ आत रजिस्टर बघत बसले आणि बाहेर बायांच्या रांगेत वास बघायचं काम माझ्याकडे आलं. वीसेक जणी, प्रत्येकीच्या हातात किटली. मी झाकण उचलायची, वास घ्यायची, पुढे जायची. सगळे माझ्याकडे बघताहेत याचा मला फार आनंद होत होता. हेही लिहून ठेवते.

चंद्राबाई डांगे यांच्या किटलीवर वाकले आणि गोडसर वास आला. दाट दिसावं म्हणून दुधात साखर घालतात हे आठवडाभरापूर्वीच शिकले होते. मी मोठ्यानं म्हटलं, "याला वास आहे. काहीतरी घातलंय."

चंद्राबाई म्हणाल्या, "आवं बाई, दुधाला न्हाई वास. तुमच्या डोस्क्याला हाय." रांग खदखदा हसली. माझे कान तापले. मला तो उद्धटपणा वाटला. मी म्हटलं, हे दूध परत. गावच्या दूध संस्थेच्या सचिवानं नाव पुकारून सगळ्या गावासमोर किटली परत दिली. चंद्राबाई एकदाच माझ्याकडे बघून निघून गेल्या.

परतताना जीप खड्ड्यात आदळली, वेणी पुढे आली आणि तोच गोडसर वास आला. अगदी तोच. चार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. आकारामनं आरशातून पाहिलं. मी गजरा काढला आणि खिडकीतून टाकून दिला. गाडी वळवा म्हणायला तोंड उघडलं होतं, पण वरिष्ठ शेजारीच होते आणि नोकरी आठ दिवसांची होती. म्हटलं, पुन्हा कधी गेले की बोलेन.

त्या गावाची फेरी मी पुढे कधीच घेतली नाही. ती नेहमी दुसऱ्याच्या वाट्याला जायची. आता लिहिताना वाटतं, अधिकारी झाल्यापासून वाटणी तर मीच करत होते.

एका किटलीचं दूध, त्याचं काय एवढं. बाई विसरूनही गेल्या असतील. तरी उद्या जाऊन येते.

२५ मे, रविवार. कडेगावहून परत

पहाटेच निघालो. सुट्टी असून आकाराम आला. वाटेत म्हणाला, "तवा बी मी गाडी हळू केली हुती. म्हनलं, मागं फिरव म्हनतील." यापेक्षा त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संकलन चालू होतं. मी बाजूला उभी राहिले. चंद्राबाई आता साठीच्या, बारीक, ताठ. त्या रांगेत शेवटी होत्या. म्हटलं, उशिरा आल्या असतील. पण त्यांच्यानंतर तिघी आल्या आणि तिघीही न बोलता त्यांच्या पुढे उभ्या राहिल्या. चंद्राबाईंनीही न बोलता जागा दिली.

मी सचिवाला विचारलं. तो नवा पोरगेला माणूस. "त्यांचं दूध शेवटी घेत्यात मॅडम. पयल्यापास्नं."

"का?"

"काय की. कवातरी सायबांनी परत केलं हुतं म्हनं. म्हून समद्यांचं झाल्यावर, वास बघून मग घ्यायचं. आमी आल्यापास्नं तसंच हाय."

मी तिथेच पायरीवर बसले. एक किटली नव्हती ती. दहा वर्षं, दोन्ही वेळच्या रांगा. पाऊस असो, ऊन असो, घरी कुणी आजारी असो. कुणी नियम केला नव्हता, म्हणून मोडायलाही कुणी नव्हतं.

संकलन संपल्यावर त्यांच्या घरी गेले. म्हशी तीन, गोठा माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनी थांबवलं. "वळीखलं तुमास्नी. गजरेवाल्या बाई."

मी सगळं सांगितलं. गजरा, जीप, चार किलोमीटर. रडायचं नाही असं ठरवून गेले होते आणि रडले. त्या शेणाचे हात धूत सगळं ऐकत राहिल्या.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "माज्याच नाकाला आला की मोगऱ्याचा वास. पर म्या एकलीनं म्हनून काय उपेग? तुमी म्हनायला पायजे हुतं."

मग मासिकाचं सांगितलं. स्वतःलाच पत्र लिहायचं असतं, हे त्यांना काही केल्या पटेना. "सोताला कशापायी? तुमास्नी तर ठावंच हाय समदं."  विचारलं, तुमचं नाव घातलं तर चालेल का? की नुसतं 'एक बाई' लिहू?

"नाव घाला. आडनावासकट घाला. परत केलं तवा नावानंच केलं हुतं की."

२६ मे, सोमवार. सातारा

सकाळच्या एसटीनं साताऱ्याला छापखान्यात. पुष्कर अंक उरकायला तिथेच होता. पानं बटर पेपरवर निघाली होती, दुपारी त्यांच्या छपाईच्या प्लेटा व्हायच्या होत्या. म्हणजे प्लेट होईपर्यंत तेवढा तुकडा कापून त्या जागी दुसरा चिकटवता येतो. पण जागा तेवढीच, सोळा ओळी. मी म्हटलं, अक्षर बारीक करा. पुष्कर ऐकेना. अकरा फोटोओळी एका मापाच्या हव्यात, एकच बारीक झाली तर ती लपवल्यासारखी दिसते.

मग काढायचं काय? संचालक मंडळ पहिलं गेलं. नाकाचं वाक्य काढताना जीव तुटला, साहेब ते भाषणात वापरणार होते. शिस्त गेली. 'मला वाईट वाटतं' असं एक वाक्य लिहिलं होतं, त्यावर पुष्करनं बोट ठेवलं. "हे तुमच्याबद्दल आहे मॅडम. पत्र तिला आहे. तिनं काय करायला हवं होतं ते सांगा." मी ते खोडलं आणि त्या जागी दोन शब्द लिहिले. ऑपरेटर मुलीनं टाइप केलं. पंधरा ओळी भरल्या, एक उरली.

छापण्याआधी पुष्करनं कार्यकारी संचालकांना फोन लावला. ते म्हणाले, वर्धापनदिनाच्या अंकात हे कशाला, निदान नाव तरी वगळा, त्या बाईंची काही तक्रार आहे का? मी फोन घेतला. म्हटलं, "तक्रार नाही साहेब. दहा वर्षांत एकदाही केली नाही, म्हणूनच नाव हवं. नाव नको असेल तर माझा फोटोही नको." मी असं बोलले यावर माझाच विश्वास बसत नव्हता.  साहेब म्हणाले, "नाकाचं वाक्य गेलं का?" म्हटलं, गेलं. "अरेरे," म्हणाले आणि फोन ठेवला. पुष्कर म्हणाला, हा होकारच समजायचा.

तुकडा चिकटवताना मी स्वतः पाहिला. सरळ बसला. मग पुष्करच्या घरी जेवले, त्याच्या आईनं आमरस केला होता. तीन वाट्या खाल्ल्या.

५ जून, गुरुवार. सांगली

अंक आला. आपली ओळ इथे उतरवून ठेवते:

'प्रिय शकू,
आज सोमवार, कामाचा पहिला दिवस. पुढच्या सोमवारी तू गावात दूध तपासायला जाशील. वाकशील तेव्हा वेणी पुढे येईल. चंद्राबाई डांगे यांच्या दुधाला वास आहे, असं तू सगळ्यांसमोर म्हणशील. तो वास तुझ्या गजऱ्याचा असेल. त्या तुला तसं सांगतील आणि तुला ते उद्धट वाटेल. चार किलोमीटरवर तुला खरं काय ते कळेल आणि तू गप्प बसशील. त्या गप्प बसण्यामुळे चंद्राबाई दहा वर्षं रांगेत शेवटी उभ्या राहतील. त्यांचं दूध चांगलं होतं. गाडी वळव.
तुझी,
शकुंतला आष्टेकर, गुणनियंत्रण प्रमुख'

 लेखा विभागातल्या बाईंनी ही ओळ वहीत उतरवली नाही. दुपारी मात्र प्रयोगशाळेतला नवा तपासनीस आत आला, दार लावलं आणि म्हणाला, मॅडम, मागच्या महिन्यात मी एक नमुना न तपासता आकडा लिहिला होता. आम्ही दोघांनी बसून ते निस्तरलं. हे म्हणाले, शंभर शब्दांत एवढं काम झालं, मुलं निबंध चारशे शब्दांचे लिहितात. मी आज वाकड्यात शिरले नाही, कारण त्यांचे डोळे पाणावले होते.

८ जून, रविवार

आकाराम, मी आणि अंक, तिघं गावात. सचिवाला आधीच कळवलं होतं. रांग लागली, चंद्राबाई शेवटी. मी संकलनाच्या कट्ट्यावर उभी राहिले आणि ओळ मोठ्यानं वाचली. तेव्हाही मोठ्यानंच बोलले होते. 'त्यांचं दूध चांगलं होतं' हे वाक्य दोनदा वाचलं.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एक म्हातारी म्हणाली, "मंग आमी उगंच हिच्या दुधाला नावं ठेवत हुतो व्हय." पुढच्या बाईनं चंद्राबाईंना खूण केली, या पुढं. त्या म्हणाल्या, "ज्या नंबरानं आले त्या नंबरानं." त्या आठव्या आल्या होत्या. आठव्या जाऊन उभ्या राहिल्या. नवव्या बाईनं त्यांच्यामागे किटली ठेवली आणि म्हशीच्या आजाराचं बोलायला लागली. इतकं साधं होतं ते.

दूध घालून झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. अंक मागून घेतला. वाचता येत नाही, पण फोटोवर बोट ठेवून विचारलं, "ही तुमी?" मग बराच वेळ त्या तेवीस वर्षांच्या मुलीकडे बघत राहिल्या.

"लय बोलला तुमी हिला," त्या म्हणाल्या. "ल्हान हाय की वो पोरगी."

मी अंक परत घेऊन पिशवीतल्या या वहीत ठेवला.

"तुमी एवढं लिवलंसा, आता माज्याकडनं बी लिवा तिला. हितंच, वहीत लिवा. म्हनावं, दुसऱ्या दिशी यायचं हुतंस. म्या काय खाल्लं नसतं. च्या ठेवला असता."

लिहिलं, चंद्राबाई.